बुधवार माझा

*ताई, मी २९ वर्षांची आहे. पाच आठवड्यांपूर्वी डेटिंग अ‍ॅपवर एकाशी ओळख झाली. दुसऱ्याच भेटीत तो म्हणाला, "तुझ्यासारखी आजवर कुणी भेटलीच नाही." तिसऱ्या भेटीत मुलांची नावं काय ठेवायची इथपर्यंत गेलो. सकाळी डोळे उघडायच्या आत त्याचा मेसेज आलेला असतो, रात्री झोप लागेपर्यंत फोन. ऑफिसात दोनदा फुलं पाठवली, मागच्या आठवड्यात महागडं घड्याळ दिलं. आता म्हणतो, पुढच्या महिन्यापासून एकत्रच राहू. मला तो आवडतो, खोटं कशाला बोलू. पण परवा मैत्रिणीकडे गेले होते, दोन तास फोन बघितला नाही, तर १७ मिस्ड कॉल. "काळजी वाटली" म्हणाला, आणि सॉरी मीच म्हणाले. मैत्रीण म्हणते, हे लव्ह बॉम्बिंग आहे, पळ. मला वाटतं, आधीच्या नात्यात चार वर्षं दोन गोड शब्दांसाठी झुरले, आता कुणी भरभरून देतंय तर मीच खोट काढतेय का? त्याच्या मनात नक्की काय आहे हे कसं ओळखू? आणि त्याला न दुखावता जरा हळू जाऊया हे कसं सांगू?*

*– गोंधळलेली*

त्याच्या मनात नक्की काय आहे हे तुला कळणार नाही. मलाही कळणार नाही, आणि तुझ्या मैत्रिणीला कळलं आहे असं तिला वाटत असलं तरी तिलाही कळलेलं नाही. म्हणून आधी तो प्रश्न बाजूला ठेवू.

इतक्या घाईने प्रेमाचा वर्षाव करणारी माणसं मला साधारण तीन प्रकारची दिसली आहेत. काही जण हे ठरवून करतात. समोरच्याला लवकर गुंतवायचं, मग हवं तसं वळवायचं, हे त्यांना चांगलं जमतं. काही जण घाबरलेले असतात. हातातून सुटेल या धास्तीने ते इतकं घट्ट धरतात की समोरच्याचा श्वास कोंडतो, आणि आपण असं करतोय हे त्यांना खरंच कळत नाही. आणि काही जण नुसते उतावळे, गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेले. पाचव्या आठवड्यात हे तिघंही बाहेरून अगदी सारखे दिसतात. तीच फुलं, तेच मेसेज, तेच "आपण आधी का नाही भेटलो". ते वेगळे दिसायला लागतात ते तू "जरा हळू" म्हणतेस तेव्हा. म्हणजे तुझे दोन्ही प्रश्न मुळात एकच आहेत. हळू जायला सांगितल्यावर तो काय करतो, त्यातूनच तुला ओळखायचं आहे.

लव्ह बॉम्बिंग हा शब्द आता कुणाच्याही तोंडी असतो, म्हणून तो कुठून आला ते सांगते, कारण त्यात तुझ्या कामाची एक गोष्ट आहे. हा शब्द प्रेमप्रकरणातला नव्हेच. १९७०च्या दशकात अमेरिकेत युनिफिकेशन चर्च नावाच्या पंथात तो रुळला, आणि तो वापरणारे खुद्द त्या पंथाचेच लोक होते. नवीन माणूस आला की सगळ्यांनी त्याला घेरायचं, त्याचं कौतुक करायचं, त्याला जवळ घ्यायचं. मार्गारेट सिंगर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पुढे अशा पंथांवर बरंच लिहिलं. त्या सगळ्या प्रकारात दोन गोष्टी माझ्या लक्षात राहिल्या. एक म्हणजे, आलेला माणूस कोण आहे हे कळायच्या आधीच त्याच्यावर प्रेम सुरू व्हायचं. आणि दुसरी, त्याला एकटं बसून विचार करायला उसंतच मिळायची नाही. पाहुण्याला खोलीत एकटं सोडायचं नाही, म्हणजे "मला हे हवंय का" हा प्रश्नच त्याला पडत नाही.

तुझ्या प्रकरणात मी याच दोन गोष्टी तपासून बघेन.

पहिलीसाठी एक अर्ध्या तासाचं काम सांगते. त्याने पाठवलेले तुला सर्वांत आवडलेले दहा मेसेज शोध. ज्यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवलेस ना, तेच. आता तुझं नाव झाकून एकेक वाच आणि स्वतःला विचार, हा मेसेज दुसऱ्या कुठल्याही मुलीला जसाच्या तसा पाठवता आला असता का? "तू माझ्या आयुष्यात आलीस आणि सगळं बदललं" हा पाठवता येतो. "आज तुझं प्रेझेंटेशन होतं ना, त्या खवट बॉससमोरचं, कसं झालं?" हा येत नाही. पहिल्यात तू नाहीसच, त्याची भावना आहे. दुसऱ्यात तू आहेस, आणि तू काय बोललीस ते त्याने ऐकून लक्षात ठेवलं आहे. दहापैकी दोन-तीन मेसेज दुसऱ्या प्रकारचे निघाले तर मला जरा बरं वाटेल. दहाही पहिल्या प्रकारचे निघाले तर तो अजून तुझ्या नव्हे, स्वतःच्या कल्पनेच्या प्रेमात आहे, एवढं म्हणता येईल. त्यात लबाडी असेलच असं नाही. पण कल्पनेच्या प्रेमात पडलेल्या माणसाला खरी तू आवडशील की नाही, हे अजून ठरायचं आहे.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तू प्रत्येक लवकर जुळलेल्या नात्याकडे संशयाने बघायला लागशील. पटकन जवळीक वाटणं यात गैर काही नाही. १९९७ साली आर्थर अ‍ॅरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी लोकांच्या जोड्या बसवून त्यांना ठरावीक प्रश्न दिले, आधी साधे, मग हळूहळू जास्त खासगी. जेमतेम पाऊण तासात त्या जोड्यांना नुसत्या इकडच्या तिकडच्या गप्पा मारणाऱ्यांपेक्षा बरीच जास्त जवळीक वाटायला लागली. म्हणजे जवळीक पाऊण तासातही होते. पण तिथे दोघंही विचारत होते, दोघंही सांगत होते, पाळीपाळीने. तुमच्या गप्पांत पाळी कुणाची असते ते आठवून बघ. तो तुझ्याबद्दल खूप बोलतो हे पत्रातून कळलं. तो तुला किती विचारतो, हे त्यात कुठेच नाही.

दुसरी गोष्ट, उसंत. त्यासाठी कॅलेंडर उघड आणि गेल्या पाच आठवड्यांतल्या अशा संध्याकाळी मोज, ज्या त्याच्याशिवाय गेल्या आणि ज्यांचा नंतर हिशेब द्यावा लागला नाही. मैत्रिणीकडची संध्याकाळ त्यात धरता येणार नाही. तिचा हिशेब दिलास, वर सॉरीही म्हणालीस. मला फुलांपेक्षा आणि घड्याळापेक्षा ते सॉरी जास्त खुपलं. दोन तास फोन न बघणं यात माफी मागण्यासारखं काय होतं? काळजी वाटलेला माणूस दोन फोन करतो, एक मेसेज टाकतो, "पोचलीस की कळव." १७ कॉल करणाऱ्याला बहुतेक तुझ्या सुरक्षिततेपेक्षा स्वतःच्या अस्वस्थतेची चिंता असते, आणि ती अस्वस्थता त्याने तुझ्या पदरात टाकली. तूही ती घेतलीस.

का घेतलीस, त्याचं उत्तर तुझ्या चार वर्षांत असावं असं मला वाटतं. बराच काळ उपाशी राहिलेल्या माणसाला ताटात काय वाढलंय हे बघायची सवय मोडलेली असते. भरलेलं आहे ना, एवढं पुरतं. तू मनाशी दोन टोकं धरली आहेस, तो कोरडा होता आणि हा भरभरून देणारा. म्हणून हा बरा. पण कोरडेपणाने तुझं नुकसान केलं ते शब्द कमी पडले म्हणून, की उद्या तो कसा वागेल याचा भरवसाच नव्हता म्हणून? दुसरं असेल, तर तुला आता हवाय तो भरवसा. तो भरपूर मेसेज पाठवणाऱ्यात असू शकतो आणि मोजके पाठवणाऱ्यातही. तो पाच आठवड्यांत दिसत मात्र नाही.

आणि मिंधेपणा. हा शब्द तू वापरला नाहीस, पण पत्रभर तो आहे. इतकं देतोय, मग मी नाही कशी म्हणू? महागडी वस्तू लवकर मिळाली की आपल्याला ओशाळं वाटतं आणि मग ती फेड आपण दुसऱ्या चलनात करतो. रविवार देतो, पासवर्ड देतो, होकार देतो. घड्याळ त्याने प्रेमाने दिलं असेलही, पण त्यामुळे एकत्र राहायच्या प्रश्नावर "नाही" म्हणणं तुला जड जात असेल, तर त्या घड्याळाची किंमत तू भरते आहेस.

मैत्रिणीचं "पळ" मला पटत नाही, निदान आज तरी. तिचा रोख बरोबर आहे, पण तिच्या म्हणण्यावरून तू पळालीस तर सहा महिन्यांनी मध्यरात्री "चांगला होता का तो?" असं स्वतःला विचारत बसशील, आणि त्याचा एक लाघवी मेसेज आला की परत जाशील. स्वतःच्या डोळ्यांनी बघून घेतलेला निर्णय टिकतो. (तो तुला धमकावत असता, तर हे सगळं न लिहिता मी तिच्याच बाजूने उभी राहिले असते. त्याबद्दल पुढे.)

आता हळू कसं जायचं. बहुतेक जण इथे एक चूक करतात. ते म्हणतात, "आपण जरा स्लो जाऊया." समोरचा म्हणतो, "हो गं, नक्की." आणि काही बदलत नाही, कारण नक्की काय बदलायचं हे ठरलेलंच नाही. "जरा" मोजता येत नाही. त्याऐवजी एक छोटी गोष्ट ठरव, जी पाळली की नाही हे कुणालाही सांगता येईल. मी सुचवेन ती अशी. बुधवार तुझा. बुधवारी भेट नाही, फोन नाही, मेसेज नाही. आणि एरवी रात्री साडेदहानंतर फोन बंद. बस, एवढ्या दोनच. पाच अटी घातल्या की त्याची आचारसंहिता होते आणि भांडणाला पाच विषय मिळतात.

सांगायची वेळ निवड. रात्री फोनवर नको, तेव्हा दोघंही हळवे असता. भांडणात तर नकोच. दिवसाउजेडी, समोरासमोर, भेट संपता संपता नव्हे तर सुरुवातीला, म्हणजे त्याला काही विचारायचं असेल तर वेळ राहतो. शब्द साधारण असे:

"मला तू आवडतोस. माझा वेग मात्र तुझ्यापेक्षा कमी आहे. यापुढे बुधवार मी माझ्यासाठी ठेवणार आहे, त्या दिवशी आपण बोलायचं नाही. आणि रात्री साडेदहानंतर माझा फोन बंद असेल. एकत्र राहण्याचा विषय मी आणखी सहा महिने तरी घेणार नाही."

घरी गेल्यावर हेच तीन वाक्यांत मेसेज करून पाठव. हे कोरडं वाटेल, पण त्यामागे कारण आहे. आठवडाभराने "तू असं म्हणालीच नव्हतीस" असा वाद निघाला तर लिहिलेलं समोर असतं, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे तुझ्या स्वतःच्या स्मरणशक्तीवर तुझाच संशय येत नाही.

त्यात काय नसावं, तेही सांगते. लव्ह बॉम्बिंग हा शब्द अजिबात नको. तो उच्चारलास की बोलणं तुझ्या बुधवारावरून उठून त्याच्या चारित्र्यावर जाऊन बसेल, आणि तास-दोन तास तू त्याची समजूत घालत राहशील. कारणंही देऊ नकोस. "ऑफिसात खूप काम आहे" म्हणालीस तर तो काम कमी करायचे उपाय सांगेल. "थकते मी" म्हणालीस तर "मग मी येतो, तुझं डोकं चेपतो." कारण दिलं की त्यावर घासाघीस होते. "मला असं बरं वाटतं" यावर घासाघीस करणं अवघड असतं. तो "का?" म्हणाला तर तेच वाक्य त्याच सुरात परत म्हण. चिडायचं नाही, नवीन काही जोडायचं नाही.

त्यानंतर निदान तीन बुधवार जाऊ दे. एकाने भागत नाही. पहिला बुधवार कुणीही सांभाळतं, आणि कुणाकुणाचा पहिलाच बुधवार सर्वांत वाईटही जातो. लिफ्ट येत नसली की आपण बटण सोडून देत नाही, आधी चारदा जोरजोरात दाबतो. मिळत आलेलं अचानक थांबलं की माणूस सुरुवातीला आणखी जोर लावतो, हे वर्तनाचा अभ्यास करणाऱ्यांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून पहिल्या बुधवारी त्याने दोन मेसेज टाकले तर लगेच निकाल लावू नकोस. दुसऱ्या दिवशी शांतपणे आठवण कर आणि पुढच्या बुधवारी काय होतं ते बघ. जोर उतरतोय की चढतोय, एवढंच बघायचं आहे.

एका मुलीची हकीकत सांगते, ओळख पटू नये म्हणून थोडी बदलून. तिने रविवार मागितला होता. तो म्हणाला, "किती छान! मला अशीच स्वतंत्र मुलगी हवी होती." पहिला रविवार अगदी शांत गेला. ती मला म्हणाली, "बघा, उगाच घाबरले होते." दुसऱ्या रविवारी सकाळी दारात पार्सल, आत तिच्या आवडीचं पुस्तक आणि चिठ्ठी: "मी बोलत नाहीये, पुस्तक बोलतंय." तिला हसू आलं, आणि तिने आभाराचा मेसेज केला. झालं, रविवारी बोलणं सुरू. तिसऱ्या रविवारी तो तिच्या इमारतीखाली उभा. "दोनच मिनिटं, तुझा चेहरा बघून जातो." आवाज चढवला नाही, रागावला नाही, उलट डोळ्यांत पाणी. म्हणूनच तिला यात चुकीचं काय ते बोटाने दाखवता येत नव्हतं. मी तिला भावना बाजूला ठेवून नुसतं मोजायला सांगितलं. तीन रविवार मागितले, किती मिळाले? एक.

तिने हे त्याला सांगितलं तेव्हा तो गप्प झाला. चार दिवस एक अक्षर नाही, ब्लू टिक मात्र दिसत होत्या. पाचव्या दिवशी मोठाच्या मोठा मेसेज, आधीपेक्षाही गोड. आणि ती मला म्हणाली, "ताई, तो मेसेज आला तेव्हा मला इतकं हायसं वाटलं की मी रडले. त्यावरूनच कळलं, माझं त्याच्यावर खरं प्रेम आहे." या वाक्यापाशी आम्ही बराच वेळ थांबलो. बी. एफ. स्किनर यांनी १९५०च्या दशकात कबुतरांवर प्रयोग केले होते. प्रत्येक वेळी चोच मारल्यावर दाणा मिळणारं कबुतर, दाणे बंद झाले की थोड्या वेळाने नाद सोडतं. कधी मिळतो, कधी मिळत नाही अशी सवय लागलेलं कबुतर मात्र दाणे बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहतं. चार दिवसांच्या दुष्काळानंतर आलेला मेसेज असाच चिकटतो. तो दुष्काळ त्यानेच आणलेला होता, हे तेव्हा तिला दिसलं नाही. दुसऱ्यांदा तसंच झालं तेव्हा दिसलं, आणि तेव्हा तिने ते संपवलं.

याच्या उलटही घडतं. आणखी एकीने असंच सांगितल्यावर तिचा मित्र चांगलाच दुखावला. संध्याकाळभर तोंड पाडून बसला, "मी जास्त करतोय का?" असं तीनदा विचारलं. दिसायला ही प्रतिक्रिया पहिल्यापेक्षा वाईट होती. पण पुढच्या आठवड्यात ठरलेल्या दिवशी त्याचा मेसेज आला नाही, त्याच्या पुढच्याही आठवड्यात नाही. तिसऱ्या वेळी तो स्वतःच सांगत आला की बंद पडलेलं खेळायला जाणं त्या दिवशी पुन्हा सुरू केलंय. त्यांचं पुढे काय झालं मला माहीत नाही, ती परत आली नाही. पण सांगायचा मुद्दा, त्या पहिल्या संध्याकाळच्या चेहऱ्यावरून निकाल लावला असता तर दोन्हीकडे चुकला असता. दुखावणं चालतं. दुखावल्यावर तुझी मर्यादा पाळतो की तिला वळसा घालतो, ते बघ. आणि वळसा गोड असला तरी तो वळसाच धर.

आता तुझ्या बाजूचं. पहिल्या बुधवारी संध्याकाळी सात-साडेसातला तुझा हात आपोआप फोनकडे जाईल. पाच आठवडे दिवसाला पन्नास वेळा "तू किती छान" ऐकल्यावर एकदम शांतता झाली की घरात कुणीतरी दिवा घालवल्यासारखं होतं. ती कासाविशी म्हणजे प्रेमाचा पुरावा समजू नकोस. सवय मोडतानाही असंच होतं. रात्री नऊला तूच "काय करतोस?" असं टाकलंस, तर बुधवार त्याने मोडला असं म्हणता येणार नाही, आणि तीन आठवडे वाया जातील. बुधवारी काहीतरी आधीच ठरवून ठेव, आणि ते घराबाहेरचं असू दे.

घड्याळ परत कर. तेही त्याच दिवशी नको, वेगळ्या भेटीत, आणि तू त्याला देणं लागत नाहीस हे विसरू नकोस. "खूप सुंदर आहे. पण इतकं मोठं काही घ्यायला मला हे फार लवकर वाटतं. ते तुझ्याकडे ठेव." त्याने "मग फेकून दे" म्हटलं तर फेकू नकोस, टेबलावर ठेवून ये. भेट परत घेताना माणूस कसा वागतो यातून तुला बरंच कळेल.

एकत्र राहण्याबद्दल मी तुला सहा महिने सांगितले, पण खरं तर महिन्यांपेक्षा प्रसंग मोजावेत. तू "नाही" म्हणालीस आणि त्याने ते पाळलं, असं निदान दोन-तीनदा झालेलं असावं. तू आजारी किंवा चिडलेली असताना, म्हणजे अजिबात छान दिसत नसताना, तो कसा होता हे पाहिलेलं असावं. त्याचा स्वतःचा दिवस वाईट गेला तेव्हाही. त्याच्या दोन जुन्या मित्रांना भेटलेली असावीस आणि तुझ्या मैत्रिणीला तो भेटलेला असावा. हे होईपर्यंत जे परत फिरवता येत नाही ते काही करू नकोस. घर सोडणं, नोकरी बदलणं, पैसे देणं किंवा घेणं, खासगी फोटो पाठवणं, पासवर्ड सांगणं. फोनवर लाइव्ह लोकेशन चालू असेल तर ते आजच बंद कर. आणि ज्याची प्रत्यक्ष भेट अजून झालेलीच नाही अशा माणसाने हा सगळा वर्षाव करून मग पैशाची अडचण सांगितली, तर तिथे तीन बुधवारांची गरज नाही, ती सरळ फसवणूक समजावी. हे तुझ्यासाठी नाही, पण असं पत्रही दर महिन्याला एखादं येतं. मुलांचीही येतात, आणि त्यांच्या शेवटी बहुतेक वेळा "कृपया हे छापू नका" असं असतं. मुलगे अशा वर्षावाखाली तितकेच गुदमरतात. फक्त तक्रार करायची त्यांना लाज वाटते.

मगाशी धमकीबद्दल पुढे म्हणाले होते. बुधवार मागितल्यावर तो शिवीगाळ करायला लागला, तुझ्या ऑफिसच्या दारात येऊन उभा राहिला, फोटो किंवा मेसेज लोकांना दाखवीन म्हणाला, किंवा "तू सोडलंस तर मी जिवाचं बरंवाईट करून घेईन" म्हणाला, तर हे हळू जाण्याचं प्रकरण राहत नाही. तेव्हा एकटीने भेटायचं नाही, शेवटची भेट म्हणूनही नाही. सगळे मेसेज जपून ठेवायचे, घरात आणि ऑफिसात एकेकाला तरी सांगून ठेवायचं, आणि पाठलाग सुरू असेल तर पोलिसांत जायचं. जीव देण्याची भाषा खरी धरायची, पण धावत स्वतः जायचं नाही. त्याच्या घरच्यांना किंवा मित्राला लगेच फोन करायचा, धोका त्याच क्षणी असेल तर तातडीच्या मदतीला.

पण हे सगळं होईलच असं धरून बुधवारची वाट बघू नकोस. बहुतेक वेळा असं काही होत नाही.

एक वही कर. तारीख, काय ठरलं होतं, काय झालं, एवढ्या तीनच गोष्टी लिहायच्या. तुला काय वाटलं ते त्यात नको, त्यासाठी दुसरी वही आहे. आणि पहिल्या बुधवारी संध्याकाळी पुन्हा त्याच मैत्रिणीकडे जा, ती "पळ" म्हणणारी. फोन बंद करून तिच्या हातात दे. निघताना चालू कर, मिस्ड कॉल किती ते मोज आणि वहीत लिहून ठेव. सॉरी म्हणायचं नाही.